तक्त्यातल्या कॅलेंडरपासून शेड्यूल झालेल्या पोस्टपर्यंत : मराठी मजकुराचे बल्क अपलोड

साताऱ्यात मोती चौकाच्या परिसरातले कंदी पेढ्यांचे एक दुकान उदाहरणादाखल डोळ्यांसमोर ठेवू. दुकानाचे फेसबुक पान आहे, इन्स्टाग्रामवर बिझनेस खाते आहे आणि २०२६ च्या दिवाळीसाठी १ ते १५ नोव्हेंबरचे कॅलेंडर गूगल शीट्समध्ये तयार आहे. फेसबुकवर रोज एक याप्रमाणे पंधरा पोस्ट आहेत आणि इन्स्टाग्रामसाठी त्यांतल्याच निवडक सात. मजकूर मालकांनी वाचून मंजूर केला आहे, फोटो काढून झाले आहेत आणि आज २५ ऑक्टोबर आहे. आता या बावीस पोस्ट एकेक करून शेड्यूलिंगच्या साधनात चिकटवायच्या, की एका फाइलीतून एकदम चढवायच्या?

एकदम चढवता येतात. पोस्ट शेड्यूल करणाऱ्या बऱ्याच साधनांत बल्क अपलोडची सोय असते आणि ती जवळजवळ सर्वत्र CSV फाइलीवर, म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीवर, चालते. ही सोय कधी सशुल्क योजनेतच मिळते आणि एका फाइलीत किती पोस्ट चालतील यावरही मर्यादा असते, त्यामुळे आपल्या खात्यात ती आहे का हे आधी पाहावे. बटण दाबण्याचे काम दोन मिनिटांचे आहे. खरा वेळ त्याआधी, माणसांसाठी केलेल्या तक्त्यातून यंत्राला वाचता येईल असा तक्ता काढण्यात जातो. मजकूर देवनागरीत असेल आणि तारखा आपण लिहितो तशा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने असतील, तर बिघाडाच्या नेमक्या दोन-तीन जागा ठरलेल्या आहेत. या लेखाचा मोठा भाग त्यांच्याविषयीच आहे.

सुरुवात नमुना फाइलीपासून

कॅलेंडरला हात लावण्यापूर्वी आपल्या साधनाच्या बल्क अपलोडच्या पानावरून नमुना CSV उतरवून घ्यावी. त्या फाइलीतले रकाने, त्यांचा क्रम आणि मथळ्यांचे अक्षरन् अक्षर हे त्या साधनापुरते नियम समजावेत. काही साधनांना पहिली ओळ मथळ्यांची लागते, तर काहींना मथळा अजिबात चालत नाही. कुठे तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये हवी असते, तर कुठे दोन वेगळ्या सेलमध्ये. हूटसूटसारख्या साधनात मिनिटे पाचाच्या पटीत असावी लागतात, म्हणजे ९:०५ चालते आणि ९:०७ नाकारले जाते. दुसऱ्या कुणी पाठवलेला किंवा गेल्या वर्षीचा नमुना वापरू नये, कारण साधने आपले रकाने अधूनमधून बदलतात.

आपल्या उदाहरणात नमुना फाइलीत तीन मथळे आहेत असे धरू : `Text`, `Image URL` आणि `Posting Time`. वेळ `2026-11-08 08:00` अशा रूपात हवी आहे.

माणसांचा तक्ता आणि यंत्राचा तक्ता

मूळ कॅलेंडरमध्येच फेरफार करून ते नमुन्यासारखे करण्याचा मोह टाळावा. मालकांना त्यात सणाचे नाव, शेरे, रंगवलेले सेल आणि कुणी काय मंजूर केले याची नोंद हवी असते, तर यंत्राला यातले काहीच नको असते. म्हणून मूळ तक्ता जागच्या जागी ठेवून त्याच फाइलीत प्रत्येक माध्यमासाठी एक स्वतंत्र शीट करावे आणि ते सूत्राने मूळ तक्त्यावरून आपोआप भरू द्यावे.

मूळ शीटचे नाव `Calendar` आहे असे समजू. त्यात A रकान्यात तारीख, B मध्ये वेळ, C मध्ये माध्यम (`FB` किंवा `IG`), D मध्ये मजकूर, E मध्ये फोटोच्या फाइलीचे नाव, F मध्ये फोटोचा वेबपत्ता आणि G मध्ये स्थिती आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोन्हींवर जाणारी पोस्ट असेल, तर तिच्या दोन ओळी कराव्यात. एकाच सेलमध्ये ‘फेबु व इन्स्टा’ असे लिहिलेले माणसाला कळते, पण सूत्राला त्यातून काही वेगळे काढता येत नाही. शिवाय दोन्हींचा मजकूर सहसा एक नसतोच, कारण इन्स्टाग्रामच्या मजकुरातला दुवा दाबता येत नाही. त्यामुळे ‘मागणीसाठी येथे दाबा’ हे वाक्य तिथे निरुपयोगी ठरते आणि त्याऐवजी दुकानाचा फोन नंबर द्यावा लागतो.

जोडलेले सेल, म्हणजे तीन दिवसांना मिळून एकच ‘दिवाळी’ असा मोठा सेल, आधी सुटे करावेत. जोडलेल्या सेलमधला मजकूर फक्त पहिल्या ओळीत असतो आणि बाकीच्या ओळी यंत्राच्या दृष्टीने रिकाम्याच असतात.

तारीख : इथे थांबून काम करावे

बल्क अपलोडमध्ये सर्वांत जास्त नुकसान तारखेमुळे होते, कारण ते दिसत नाही. आपण ८/११/२०२६ म्हणजे ८ नोव्हेंबर म्हणतो, तर अमेरिकी पद्धतीने तेच ११ ऑगस्ट होते. ही अदलाबदल दोन ठिकाणी होऊ शकते : एकदा शीटमध्ये टाइप करताना आणि एकदा साधनाने फाइल वाचताना.

शीटमधली जागा आधी पाहू. `File > Settings` मध्ये `Locale` हा पर्याय असतो. तो `United States` वर राहिला असेल, तर टाइप केलेली 08/11/2026 ही तारीख शीट ११ ऑगस्ट म्हणून साठवते, आणि 13/11/2026 ही तिला तारीखच वाटत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती ओळ मग साधा मजकूर म्हणून पडून राहते. त्यामुळे तारखांचा रकाना नुसता वरून खाली पाहिला, तरी पहिली खूण मिळते. शीट्समध्ये खऱ्या तारखा आपोआप सेलच्या उजवीकडे जाऊन बसतात आणि मजकूर डावीकडे. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत सगळे उजवीकडे आणि तेरापासून पुढे डावीकडे असे दिसले, तर `Locale` चुकीचे आहे हे नक्की समजावे. ते `India` करावे, त्याच पडद्यावर वेळेचा पट्टा कोलकात्याचा, म्हणजे `GMT+05:30`, आहे याची खात्री करावी आणि तारखा पुन्हा टाइप कराव्यात. सेटिंग बदलल्याने आधीच ११ ऑगस्ट म्हणून साठवलेली तारीख परत ८ नोव्हेंबर होत नाही.

मराठी कळफलक चालू असताना देवनागरी अंकांत लिहिलेल्या तारखाही बहुधा मजकूर म्हणूनच राहतात. त्या शोधण्यासाठी एका मोकळ्या रकान्यात पुढील सूत्र लिहून खालपर्यंत ओढावे. जिथे `FALSE` येईल, तिथली तारीख ही तारीख नाही.

```
=ISNUMBER(A2)
```

मात्र हे सूत्र अदलाबदल झालेली तारीख पकडत नाही, कारण ११ ऑगस्ट हीसुद्धा खरीच तारीख आहे. तिच्यासाठी वाराचा रकाना करावा. माझ्या मते कॅलेंडरमधला हा सर्वांत उपयोगी रकाना आहे आणि तोच बहुतेक तक्त्यांत नसतो.

```
=TEXT(A2,"dddd")
```

२०२६ सालचे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. त्या ओळीसमोर `Tuesday` आले, तर शीटने ११ ऑगस्ट धरले आहे, कारण त्या वर्षी ११ ऑगस्टला मंगळवार होता. सणाचा वार दुकानात सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्यामुळे तारखांचे आकडे तपासण्यापेक्षा वारांवरून नजर फिरवणे सोपे जाते आणि मालकसुद्धा ते करू शकतात.

आता दुसरी जागा. शीटमध्ये तारीख बरोबर आहे, पण CSV मध्ये ती 08/11/2026 अशी गेली आणि साधनाने महिना आधी धरला, तर काय होते, हे आपल्या पंधरा फेसबुक पोस्टवर मोजून पाहण्यासारखे आहे. १ नोव्हेंबरची पोस्ट ११ जानेवारीची ठरते, २ ची ११ फेब्रुवारीची, आणि असे करत १० नोव्हेंबरची ११ ऑक्टोबरची ठरते. आज २५ ऑक्टोबर असल्याने या दहाही तारखा उलटून गेलेल्या आहेत, म्हणून साधन त्या नाकारते. १३, १४ आणि १५ या तारखांचा महिनाच लागत नाही, म्हणून त्याही नाकारल्या जातात. उरतात दोन. ११ नोव्हेंबर, म्हणजे भाऊबीज, दोन्ही पद्धतींनी ११ नोव्हेंबरच राहते आणि योग्य दिवशी जाते. १२ नोव्हेंबरची पोस्ट, ज्यात दिवाळीनंतर दुकानाच्या वेळा पूर्ववत झाल्याचे सांगितले आहे, ती मात्र काहीही तक्रार न होता ११ डिसेंबरला जाऊन बसते. तेरा ओळी नाकारल्या गेल्या म्हणून आपण त्या दुरुस्त करून पुन्हा चढवतो आणि स्वीकारलेल्या दोनांकडे पाहतही नाही. मग महिन्याभराने, दिवाळी विसरून गेल्यावर, ती पोस्ट पानावर झळकते.

नोव्हेंबरमध्ये निदान इतका आरडाओरडा तरी होतो. हेच कॅलेंडर जानेवारीचे असते आणि डिसेंबरात चढवले असते, तर २ ते १२ जानेवारीच्या सगळ्या पोस्ट फेब्रुवारी ते डिसेंबर या महिन्यांच्या एक तारखेला मुकाट्याने पसरल्या असत्या. ३ जानेवारीची पोस्ट १ मार्चला गेली असती आणि साधनाने ती आनंदाने स्वीकारली असती.

यावर उपाय एकच आणि सोपा आहे : तारीख फाइलीत जाताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस या क्रमाने आणि मजकुराच्या रूपात जावी. साधन हा क्रम स्वीकारत असेल तर दुसरा वापरूच नये. त्यासाठी `Calendar` मध्ये H रकान्यात हे सूत्र लिहावे :

```
=IF(A2="","",TEXT(A2+B2,"yyyy-mm-dd hh:mm"))
```

तारीख आणि वेळ या शीटच्या लेखी संख्याच असल्यामुळे त्यांची बेरीज करता येते. B मधली वेळ ‘सकाळी ८’ अशी शब्दांत लिहिली असेल, तर ही बेरीज होत नाही आणि सेलमध्ये `#VALUE!` ही त्रुटी येते, म्हणून वेळ `08:00` किंवा `18:30` अशीच लिहावी. साधनाला फक्त महिना-दिवस-वर्ष हाच क्रम हवा असेल, तर सूत्रातला अवतरणातला भाग तेवढा बदलावा. `Calendar` मधल्या तारखा हाताने उलटसुलट करू नयेत.

यंत्राचे शीट

आता `FB` नावाचे नवे शीट करून पहिल्या ओळीत नमुन्यातले तीन मथळे जसेच्या तसे लिहावेत आणि A2 सेलमध्ये हे सूत्र द्यावे :

```
=FILTER({Calendar!D2:D, Calendar!F2:F, Calendar!H2:H},
 Calendar!C2:C="FB", Calendar!G2:G="मंजूर")
```

ज्यांचे माध्यम फेसबुक आहे आणि ज्यांची स्थिती ‘मंजूर’ आहे, तेवढ्याच ओळी, नमुन्याच्या क्रमाने, इथे येतात. मालकांनी अजून न पाहिलेली पोस्ट चुकून चढण्याचा धोका त्यामुळे उरत नाही. इन्स्टाग्रामसाठी असेच दुसरे शीट करावे. पंधरा अपेक्षित असताना चौदाच ओळी दिसल्या, तर बहुतेक वेळा कुणीतरी ‘मंजूर’ पुढे एक मोकळी जागा सोडलेली असते. स्थितीच्या रकान्याला निवडयादी लावली की तीही अडचण मिटते.

मजकूर आणि त्याची लांबी

लांबी मोजण्यासाठी `=LEN(D2)` पुरते, पण मराठीत त्याचा आकडा आपल्या अंदाजापेक्षा मोठा येतो, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडल्याचे चिन्ह ही सगळी स्वतंत्र मोजली जातात. ‘सातारा’ तीन अक्षरांचा वाटला, तरी तो सहा भरतो. एक्सवर मोफत खात्याला २८० ची मर्यादा आहे आणि तिथेही देवनागरी अशीच मोजली जाते. इमोजी दोन धरला जातो आणि दुवा कितीही लांब असला तरी २३. इन्स्टाग्रामची मर्यादा २,२०० आहे, ती पेढ्यांच्या पोस्टला सहसा आड येत नाही.

मजकुरातले स्वल्पविराम आणि नव्या ओळी यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. CSV मध्ये रकाने स्वल्पविरामाने वेगळे होतात हे खरे, पण फाइल शीट्समधून उतरवली की ज्या सेलमध्ये स्वल्पविराम किंवा नवी ओळ आहे तो सेल आपोआप दुहेरी अवतरणात घातला जातो. एक ओळ अशी दिसते :

```
Text,Image URL,Posting Time
"लक्ष्मीपूजनासाठी ताजे कंदी पेढे, अर्धा व एक किलोत.
दुकान रात्री ९ पर्यंत उघडे.",https://example.com/pedhe-0811.jpg,2026-11-08 08:00
```

घोळ होतो तो कुणी फाइल हाताने लिहिली किंवा नोटपॅडमध्ये उघडून मजकुरात स्वतःच एखादे दुहेरी अवतरण घातले, तर. मग सेल कुठे संपतो हे यंत्राला कळत नाही आणि पुढच्या चार-पाच पोस्ट एकाच पोस्टमध्ये चिकटून येतात. काही साधने सेलमधल्या नव्या ओळीवरही अडतात. त्याची खूण अशी की पूर्वदृश्यात शीटपेक्षा जास्त पोस्ट दिसतात आणि त्यांतल्या काहींना तारीखच नसते.

फोटोचा पत्ता

फोटोच्या रकान्यात गूगल ड्राइव्हचा शेअर दुवा टाकणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. `drive.google.com/file/d/…/view` हा पत्ता फोटोचा नसून फोटो दाखवणाऱ्या पानाचा असतो, त्यामुळे साधनाला तिथे चित्र मिळत नाही. पत्ता तपासण्यासाठी तो ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडावा. तिथे आजूबाजूला काही बटणे न दिसता नुसता फोटो दिसला आणि पत्त्याच्या शेवटी `.jpg` किंवा `.png` असेल, तर तो चालण्याची शक्यता चांगली. लॉगिन मागितले गेले, तर चालणार नाही.

दुकानाचे वर्डप्रेसवर संकेतस्थळ असेल, तर फोटो तिथल्या मीडिया लायब्ररीत चढवून त्याचा थेट पत्ता घ्यावा. फाइलींची नावे रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवावीत. ‘लक्ष्मीपूजन पेढे.jpg’ चा पत्ता `%E0%A4` सारख्या चिन्हांची लांबलचक माळ होतो आणि कॉपी करताना मध्येच तुटतो. पोस्ट प्रत्यक्ष प्रसिद्ध होईपर्यंत तो फोटो संकेतस्थळावरून काढू नये, कारण काही साधने तो आयत्या वेळी उचलतात. इन्स्टाग्रामसाठी फोटोची आडवी चौकट १.९१:१ पेक्षा रुंद नसावी. उभ्या चौकटीची मर्यादा पूर्वी ४:५ होती, २०२५ पासून इन्स्टाग्रामवर ३:४ ही चालते, पण आपले साधन ती स्वीकारते का हे पाहावे. मोबाइलवर उभा काढलेला फोटो बहुधा ३:४ किंवा ९:१६ असतो. ९:१६ चा फोटो आधी कापून घ्यावा, आणि साधन ३:४ स्वीकारत नसेल तर तोही.

संकेतस्थळ नसेल, तर फोटोचा रकाना रिकामा ठेवून मजकूर आणि वेळा तेवढ्या चढवाव्यात आणि फोटो साधनाच्या पूर्वदृश्यात हाताने जोडावेत. बावीस पोस्टना हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. फोटोंचे पत्ते तयार करण्यासाठी त्याहून जास्त वेळ घालवणारे लोक आहेत, ते मला कधी पटलेले नाही. फक्त इन्स्टाग्रामवर फोटोशिवाय पोस्ट होत नसल्याने काही साधने अशा ओळी थेट नाकारतात. तिथे त्या सात पोस्ट हातानेच कराव्यात.

फाइल उतरवणे, आणि ती पुन्हा न उघडणे

`FB` शीट समोर असताना `File > Download > Comma Separated Values (.csv)` निवडावे. फक्त समोर असलेलेच शीट उतरते, म्हणून फेसबुकची आणि इन्स्टाग्रामची फाइल वेगवेगळी घ्यावी. शीट्समधून उतरलेली फाइल UTF-8 या संकेतप्रणालीत असते, त्यामुळे देवनागरी सुखरूप राहते.

कॅलेंडर एक्सेलमध्ये असेल, तर `Save As` मध्ये `CSV UTF-8 (Comma delimited)` हा पर्याय निवडावा. त्याच्या शेजारचा नुसता `CSV (Comma delimited)` निवडला, तर मराठीतले प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह होते आणि ती प्रश्नचिन्हे परत अक्षरे होत नाहीत. एक्सेल UTF-8 फाइलीच्या आरंभी एक अदृश्य खूण घालते. एखादे साधन ती पहिल्या मथळ्याचा भाग समजते आणि समोर `Text` दिसत असूनही `Text` रकाना सापडला नाही असे सांगते. अशा वेळी ती फाइल गूगल शीट्समध्ये आयात करून तिथून पुन्हा उतरवावी. आयात करताना मजकुराचे तारखांत वगैरे रूपांतर करण्याचा पर्याय बंद ठेवावा.

उतरवलेली फाइल ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नये. त्या खुणेविना आलेली फाइल एक्सेल बऱ्याचदा जुन्या संकेतप्रणालीत वाचते आणि ‘सातारा’ ऐवजी `à¤¸à¤¾` असे काही दाखवते. तोपर्यंत फाइल ठीकच असते, पण ती तशीच सेव्ह केली की खरोखर बिघडते. शिवाय एक्सेल `2026-11-08 08:00` ही तारीख ओळखते, आपल्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे तिचे रूप बदलते आणि सेव्ह करताना तेच बदललेले रूप फाइलीत लिहिते. वर केलेली सगळी मेहनत अशी एका सेव्हमध्ये जाते. पाहायचेच असेल तर नोटपॅडमध्ये पाहावे. दुरुस्ती करायची असेल, तर ती `Calendar` मध्ये करून फाइल नव्याने उतरवावी.

आधी दोन ओळी, मग सगळ्या

पहिल्यांदा पूर्ण फाइल चढवू नये. दोनच पोस्टची स्थिती तेवढ्यापुरती ‘मंजूर’ ठेवून, म्हणजे FB शीटमध्ये दोनच ओळी आणून, ती फाइल चढवावी. या दोन ओळी निवडताना एक महिन्याच्या बारा तारखेच्या आतली आणि एक नंतरची घ्यावी, उदाहरणार्थ ८ आणि १४ नोव्हेंबर. ११ नोव्हेंबर चाचणीला घेऊन उपयोग नाही, कारण वर पाहिल्याप्रमाणे ती तारीख कोणत्याही पद्धतीने बरोबरच दिसते.

साधनाच्या कॅलेंडरमध्ये या दोन पोस्ट कुठल्या दिवशी आणि किती वाजता बसल्या, हे पाहावे. दिवस बरोबर आणि वेळ चुकीची असेल, तर खात्याचा वेळेचा पट्टा तपासावा. सकाळी ८:०० ची पोस्ट दुपारी १:३० ला दिसत असेल, तर साधन आपली वेळ UTC, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरते आहे. फरक नेमका साडेपाच तासांचा असणे हीच त्याची ओळख. काही साधनांत हा पट्टा प्रत्येक जोडलेल्या पानासाठी वेगळा ठेवावा लागतो, म्हणून फेसबुकचा दुरुस्त केला तरी इन्स्टाग्रामचा स्वतंत्रपणे पाहावा.

चाचणी नीट उतरली की त्या दोन ओळींची स्थिती ‘मंजूर’ वरून ‘चढवली’ करावी आणि उरलेल्या तेरा ‘मंजूर’ कराव्यात. FILTER मुळे आता FB शीटमध्ये तेवढ्या तेराच ओळी उरतात. ही सवय महत्त्वाची अशासाठी की आधी चढलेली पोस्ट पुन्हा आली आहे, हे बहुतेक साधनांना ओळखता येत नाही. तीच फाइल दोनदा चढवली, तर लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आठ वाजता एकच शुभेच्छा दोनदा जाते.

तेरांपैकी दहा स्वीकारल्या आणि तीन नाकारल्या असे झाले, तरी नियम तोच. दहांची स्थिती बदलावी, तीन दुरुस्त कराव्यात आणि फाइल नव्याने उतरवावी. साधनाने त्रुटीत दिलेला ओळक्रमांक CSV चा असतो, `Calendar` चा नसतो. मथळ्याची ओळ धरली जाते की नाही यावरूनही एकाचा फरक पडतो, म्हणून क्रमांकावर न जाता मजकुराच्या पहिल्या शब्दांवरून ओळ शोधावी. शेवटी साधनाच्या रांगेतल्या एकूण पोस्ट मोजाव्यात आणि तारखेने सर्वांत शेवटची कोणती आहे ते पाहावे. ती १५ नोव्हेंबरचीच असली पाहिजे. डिसेंबरची एखादी दिसली, तर ती कुठून आली हे आता सांगायला नको.

चढवल्यानंतर

अपलोड झाल्या क्षणी तक्ता आणि रांग यांचा संबंध संपतो. मालकांनी नंतर `Calendar` मध्ये भाव बदलला, तरी शेड्यूल झालेल्या पोस्टमध्ये जुनाच भाव राहतो. म्हणून ‘चढवली’ स्थिती असलेल्या ओळींना वेगळा रंग लागेल असे करावे आणि त्या ओळीत बदल हवा असेल तर आधी साधनात, मग तक्त्यात, हा क्रम दुकानात सर्वांना सांगून ठेवावा. भाव, उपलब्ध डब्यांचे वजन आणि दुकानाची वेळ असलेल्या पोस्ट शक्यतो आठवड्याच्या पलीकडे चढवूच नयेत. खव्याचा भाव दिवाळीच्या तोंडावर वर-खाली झाला की पेढ्यांचाही होतो. आपल्या बावीस पोस्टपैकी शुभेच्छा आणि माहितीच्या पोस्ट आज चढवून, भावाच्या पोस्ट दोन-तीन दिवस आधी चढवणे हे बावीस एकदम चढवण्यापेक्षा बरे.

पानाशी असलेली साधनाची जोडणीही पाहत राहावी. फेसबुकचा पासवर्ड बदलला किंवा पानावरचे कुणाचे अधिकार काढले, की जोडणी तुटते आणि रांगेतल्या पोस्ट वेळ येऊनही जात नाहीत. साधन त्याचा ईमेल पाठवते, पण तो ज्या पत्त्यावर जातो तो पत्ता अनेकदा खाते उघडून देणाऱ्या माणसाचा असतो आणि दुकानात तो कुणी पाहत नाही. तो पत्ता दिवाळीपूर्वी बदलून घ्यावा. रांग थांबवण्याचे बटण कुठे आहे हेही त्याच वेळी दोघांना दाखवून ठेवावे, म्हणजे पेढे संपले किंवा गावात एखादी दुःखद घटना घडली, तर पुढची पोस्ट जाण्याआधी कुणाला तरी ती थांबवता येईल.